ॲडव्हान्स टॅक्सचा हप्ता एक दिवस चुकला तर तीन महिन्यांचं व्याज का लागतं?

१५ डिसेंबरला भरायचा ॲडव्हान्स टॅक्स तुम्ही १६ डिसेंबरला भरला, तर व्याज किती दिवसांचं लागेल? एक दिवसाचं? फार तर एका महिन्याचं? दोन्ही उत्तरं चुकीची आहेत. व्याज लागतं पूर्ण तीन महिन्यांचं. रिटर्न भरताना हिशेबात '२३४सी' नावाचा एक आकडा अचानक उगवतो आणि अनेकजण म्हणतात, "अरे, पण मी तर टॅक्स भरला होता!" भरला होता हे खरं असतं. कधी भरला, यावर सगळं अवलंबून असतं.

हे व्याज नेमकं कसं मोजतात, हे आपण एका उदाहरणातून पाहू. उदाहरण २०२५-२६ या आर्थिक वर्षाचं आहे. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाला आहे आणि त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. पण २०२५-२६ च्या उत्पन्नाला १९६१ चा जुनाच कायदा लागतो, त्यामुळे इथे जुनेच क्रमांक वापरले आहेत. हप्त्यांची पद्धत नव्या कायद्यातही हीच आहे.

आधी हे तुम्हाला लागू आहे का?

नियम सोपा आहे. वर्षभराच्या उत्पन्नावर होणाऱ्या एकूण करातून तुमचा कापला गेलेला टीडीएस वजा करा. उरलेली रक्कम १०,००० रुपये किंवा त्याहून जास्त असेल, तर ॲडव्हान्स टॅक्स भरणं बंधनकारक आहे. नोकरी करणाऱ्यांचा बहुतेक कर पगारातूनच कापला जातो, म्हणून त्यांना हा प्रश्न सहसा पडत नाही. पण पगारासोबत घरभाडं, एफडीचं व्याज किंवा सुट्टीच्या दिवशी केलेल्या कामांचे पैसे येत असतील तर तेही यात येतात. (अशा नोकरदारांसाठी एक सोपी वाट आहे. ही बाकीची कमाई कंपनीच्या अकाउंट्स विभागाला कळवायची आणि पगारातूनच जादा टीडीएस कापायला सांगायचं. मग हप्त्यांच्या तारखा लक्षात ठेवायची गरज उरत नाही.)

६० वर्षं किंवा त्याहून जास्त वयाच्या, भारतात निवासी असलेल्या आणि व्यवसाय किंवा धंद्यातून उत्पन्न नसलेल्या व्यक्तींना यातून सूट आहे. म्हणजे फक्त पेन्शन आणि एफडीच्या व्याजावर असलेल्या आजोबांना ॲडव्हान्स टॅक्स नाही. पण तेच आजोबा दुकान चालवत असतील तर आहे.

सायलीचा हिशेब

समजा सायली नाशिकमध्ये घरून वेबसाइट डिझाइनची कामं करते. या कामाचं तिचं हे तिसरं वर्ष. वर्षभरात तिला १९ लाख रुपये मिळाले. लॅपटॉपचा घसारा, सॉफ्टवेअरची वर्गणी, इंटरनेट, मदतनीसाचे पैसे असा ३ लाखांचा खर्च झाला. राहिलं १६ लाखांचं उत्पन्न. ती हिशेब ठेवून प्रत्यक्ष नफ्यावर कर भरते आणि नव्या करप्रणालीत आहे.

२०२५-२६ च्या नव्या दरांप्रमाणे पहिल्या ४ लाखांवर शून्य कर, ४ ते ८ लाखांवर ५ टक्के म्हणजे २०,०००, ८ ते १२ लाखांवर १० टक्के म्हणजे ४०,००० आणि १२ ते १६ लाखांवर १५ टक्के म्हणजे ६०,०००. एकूण १,२०,००० रुपये. त्यावर ४ टक्के सेस ४,८०० रुपये. म्हणजे वर्षाचा कर १,२४,८०० रुपये.

तिला काम देणाऱ्या एका कंपनीने वर्षभरात ४४,८०० रुपये टीडीएस कापला. बाकीचे ग्राहक छोटे दुकानदार आणि परदेशातले, त्यांनी काहीच कापलं नाही. १,२४,८०० मधून ४४,८०० गेले की उरतात ८०,००० रुपये. हा सायलीचा ॲडव्हान्स टॅक्स.

इथे एक गोष्ट जपायला हवी. वजा करायचा तो प्रत्यक्ष कापलेला टीडीएस. "कंपनीने कापायला हवा होता, पण पूर्ण पैसे दिले" अशी रक्कम वजा करता येत नाही. त्यामुळे प्रत्येक हप्त्याआधी आयकर पोर्टलवर एआयएस आणि फॉर्म २६एएस उघडून पाहिलेलं बरं.

आता हे ८०,००० कधी भरायचे? कायदा म्हणतो, १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत एकूण ४५ टक्के, १५ डिसेंबरपर्यंत एकूण ७५ टक्के आणि १५ मार्चपर्यंत पूर्ण १०० टक्के. 'एकूण' हा शब्द महत्त्वाचा. सप्टेंबरचा हप्ता ४५ टक्क्यांचा नसतो, तर जूनचं धरून तोवर ४५ टक्के पोहोचायला हवेत. सायलीसाठी ते असं होतं:

| तारीख | तोवर एकूण भरायला हवे | सायलीने तोवर भरले |
|---|---|---|
| १५ जून २०२५ | १२,००० | ० |
| १५ सप्टेंबर २०२५ | ३६,००० | २०,००० |
| १५ डिसेंबर २०२५ | ६०,००० | २०,००० |
| १५ मार्च २०२६ | ८०,००० | ६०,००० |

जूनमध्ये तिने काहीच भरलं नाही. १० सप्टेंबरला २०,००० भरले. डिसेंबरमध्ये आणखी २०,००० भरले, पण १६ तारखेला. म्हणून तक्त्यात १५ डिसेंबरसमोर जुनेच २०,००० दिसतात. १४ मार्चला शेवटचे २०,००० भरले. म्हणजे वर्षभरात ६०,००० गेले आणि २०,००० राहिले.

पहिलं व्याज: हप्ता चुकल्याचं, कलम २३४सी

हे व्याज दरमहा १ टक्का दराने लागतं, पण महिने मोजायचे नसतात. ते कायद्यानेच ठरवून दिले आहेत. जून, सप्टेंबर आणि डिसेंबरच्या तुटीवर सरसकट तीन महिने, मार्चच्या तुटीवर एक महिना. तुटीचे पैसे दुसऱ्या दिवशी भरले की दोन महिन्यांनी, व्याज तेवढंच. कारण कायदा फक्त एकच प्रश्न विचारतो, त्या तारखेला खात्यात किती जमा होते?

जूनची तूट १२,०००. तीन महिन्यांचे ३ टक्के म्हणजे ३६० रुपये. सप्टेंबरची तूट ३६,००० वजा २०,०००, म्हणजे १६,०००. त्यावर ४८० रुपये. डिसेंबरची तूट ६०,००० वजा २०,०००, म्हणजे ४०,०००. त्यावर १,२०० रुपये. मार्चची तूट २०,०००, एका महिन्याचे २०० रुपये. एकूण २,२४० रुपये.

आता डिसेंबरकडे परत बघा. तेच २०,००० तिने आदल्या दिवशी भरले असते, तर तूट निम्मी झाली असती आणि व्याज ६०० रुपये लागलं असतं. एका दिवसाची किंमत ६०० रुपये!

यात आणखी एक गोष्ट लपलेली आहे. न भरलेला रुपया एकदाच मोजला जात नाही. सायलीचे राहिलेले २०,००० डिसेंबरच्या तुटीत होते, मार्चच्या तुटीत होते आणि पुढच्या व्याजातही येणार आहेत. सुरुवातीचा हप्ता चुकवून 'पुढे बघू' म्हटलं, तर तीच तूट प्रत्येक तारखेला पुन्हा समोर उभी राहते.

थोडी सवलतही आहे, ती फार जणांना माहीत नसते. जूनपर्यंत १५ ऐवजी १२ टक्के आणि सप्टेंबरपर्यंत ४५ ऐवजी ३६ टक्के भरले असतील, तर त्या हप्त्यावर व्याज लागत नाही. वर्षाच्या सुरुवातीला उत्पन्नाचा अंदाज चुकू शकतो, हे इथे मान्य केलेलं आहे. सायलीसाठी हे आकडे ९,६०० आणि २८,८०० होतात. पण ही रेषा कडक आहे. जूनमध्ये ९,६०० भरले तर व्याज शून्य. ९,५०० भरले तर तूट १०० ची धरत नाहीत, १२,००० मधून मोजतात. म्हणजे २,५०० वर ३ टक्के, ७५ रुपये. डिसेंबर आणि मार्चला अशी सवलत नाही.

मोजताना तुटीची रक्कम शंभरच्या पटीत खाली आणतात. १६,०७० ची तूट असेल तर व्याज १६,००० वर लागतं. हे सरळव्याज आहे, व्याजावर व्याज चढत नाही.

दुसरं व्याज: वर्ष संपल्यावर राहिलेल्या रकमेचं, कलम २३४बी

वर्ष संपताना हिशेब नव्याने होतो. ३१ मार्चपर्यंत भरलेला एकूण ॲडव्हान्स टॅक्स ९० टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर राहिलेल्या पूर्ण रकमेवर १ एप्रिलपासून दरमहा १ टक्का व्याज सुरू होतं. इथे मात्र महिने खरोखर मोजतात, आणि महिन्यातला एक दिवस उलटला तरी पूर्ण महिना धरतात.

सायलीचे ९० टक्के म्हणजे ७२,०००. तिने भरले ६०,०००. म्हणजे २३४बी लागू झालं. राहिलेले २०,००० तिने रिटर्न भरताना २० जुलै २०२६ ला भरले असं धरू. एप्रिल, मे, जून आणि जुलै, असे चार महिने झाले. दरमहा २०० प्रमाणे ८०० रुपये. ३१ जुलैला भरले असते तरी ८००च. १ ऑगस्टला मात्र १,०००.

दोन्ही व्याजं मिळून ३,०४० रुपये झाले. म्हणून जुलैमध्ये तिला २०,००० नाही, २३,०४० रुपये भरावे लागतील. नुसते २०,००० भरले तर त्यातून आधी व्याज वळतं होतं आणि मग कर, त्यामुळे ३,०४० रुपये कर बाकीच दिसतो आणि त्यावर व्याज पुढे चालू राहतं. 'मी तर सगळा टॅक्स भरला, तरी नोटीस कशी?' या प्रश्नामागे बऱ्याचदा एवढीशीच गोष्ट असते.

आता सायलीच्या हातात ३१ मार्चला एक संधी होती. १५ मार्चची तारीख गेली तरी ३१ मार्चपर्यंत भरलेली रक्कम ॲडव्हान्स टॅक्सच मानली जाते. त्या दिवशी तिने आणखी १२,००० भरले असते, तर एकूण ७२,००० झाले असते. बरोबर ९० टक्के. मग राहिलेल्या ८,००० वर २३४बीचं व्याज शून्य. मार्चचे २३४सीचे २०० रुपये तरीही लागले असते, कारण १५ मार्चला तूट होतीच. दोन कलमं वेगवेगळ्या तारखांना वेगवेगळे प्रश्न विचारतात, म्हणून एकातून सुटलं तरी दुसरं लागू शकतं.

आणि वर्षभर एक रुपयाही न भरता सगळे ८०,००० जुलैमध्ये भरले असते तर? २३४सीचे ३६०, १,०८०, १,८०० आणि ८००, मिळून ४,०४०. २३४बीचे चार महिन्यांचे ३,२००. एकूण ७,२४० रुपये, म्हणजे मूळ रकमेच्या सुमारे ९ टक्के. हे व्याज व्यवसायाचा खर्च म्हणून उत्पन्नातून वजाही करता येत नाही.

मधेच शेअर विकले तर?

जूनमध्ये बसून फेब्रुवारीत होणारा नफा कुणाला माहीत असणार? म्हणून कायद्याने इथे सूट दिली आहे. भांडवली नफा, लाभांश, लॉटरीसारखं बक्षीस आणि पहिल्यांदाच सुरू केलेल्या व्यवसायाचं उत्पन्न, यांचा आधी अंदाज न आल्यामुळे पडलेल्या तुटीवर २३४सी लागत नाही. अट एकच. पैसे आल्यानंतर उरलेल्या हप्त्यांमध्ये त्यावरचा कर भरायचा, आणि हप्ताच उरला नसेल तर ३१ मार्चपर्यंत.

समजा सायलीने फेब्रुवारीत लिस्टेड शेअर विकले आणि ३,२५,००० रुपयांचा दीर्घकालीन नफा झाला. १,२५,००० पर्यंत कर नाही. उरलेल्या २ लाखांवर १२.५ टक्के म्हणजे २५,००० आणि सेस धरून २६,०००. हे २६,००० तिने १५ मार्चपर्यंत भरले, तर आधीच्या तीन तारखांना ते का भरले नाहीत असं कुणी विचारत नाही. विक्री २० मार्चला झाली असेल तर ३१ मार्चपर्यंत वेळ आहे.

पण ही सूट फक्त २३४सीपुरती आहे. २३४बीला असा अपवाद नाही. मार्चअखेर ही रक्कम राहिली आणि एकूण भरणा ९० टक्क्यांखाली गेला, की एप्रिलपासून व्याज सुरू. शेअर विकल्यावर जुलैमध्ये रिटर्नच्या वेळी बघू, असं म्हणणारे इथे सापडतात.

नवा व्यवसाय सुरू करणाऱ्यांनी ही सूट विशेष लक्षात ठेवावी. सायलीचं तिसरं वर्ष असल्याने तिला ती नाही. पहिलं वर्ष असतं तर मिळाली असती.

ज्यांनी कलम ४४एडी किंवा ४४एडीएखाली अंदाजित नफ्याची योजना घेतली आहे, त्यांचं काम आणखी सोपं. त्यांना चार हप्ते नाहीत, १५ मार्चपर्यंत एकदाच पूर्ण रक्कम. चुकलं तर तुटीवर एका महिन्याचं २३४सी, आणि ३१ मार्चनंतर नेहमीचं २३४बी. मात्र 'माझ्यासाठी ॲडव्हान्स टॅक्सच नाही' हा जो समज या मंडळींमध्ये पसरलेला दिसतो, तो चुकीचा आहे.

भरताना होणाऱ्या चुका

आयकर पोर्टलवर e-Pay Tax मध्ये जाऊन भरणा करायचा असतो. २०२५-२६ च्या उत्पन्नासाठी तिथे कर निर्धारण वर्ष 2026-27 निवडावं लागतं आणि प्रकार Advance Tax (100). घाईत कुणी Self-Assessment Tax (300) निवडतं, कुणी मागचंच वर्ष निवडतं. पैसे सरकारकडे जातात, पण हिशेबात ॲडव्हान्स टॅक्सच्या रकान्यात दिसत नाहीत आणि व्याज लागतं. पोर्टलवर चलन दुरुस्तीची सोय आहे, पण तिला मुदत आहे. त्यामुळे भरल्यावर चलन लगेच उघडून या दोन ओळी वाचा आणि काही दिवसांनी २६एएसमध्ये नोंद आली का ते तपासा.

तारखेबद्दलही एक बारकावा. २०२५ चा १५ जून रविवार होता आणि २०२६ चा १५ मार्चसुद्धा. शेवटच्या दिवशी बँक बंद असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी भरलेलं चालतं, असं प्रत्यक्ष कर मंडळाचं १९९४ चं परिपत्रक (क्रमांक ६७६) आहे. तेव्हा चलन घेऊन बँकेच्या खिडकीवर उभं राहावं लागायचं. आता रविवारीही मोबाइलवरून भरता येतं, तेव्हा या सवलतीवर विसंबण्यापेक्षा शनिवारीच भरून टाकलेलं बरं. शेवटच्या रात्री बँकेचं पान अडकलं आणि व्यवहार बारानंतर पूर्ण झाला, तर चलनावर दुसऱ्या दिवसाची तारीख पडते. सायलीच्या डिसेंबरसारखं.

रिटर्न भरल्यावर आयकर विभागाकडून कलम १४३(१) ची सूचना येते. त्यात तुम्ही दाखवलेलं व्याज आणि विभागाने मोजलेलं व्याज शेजारीशेजारी असतं. फरक दिसला तर आधी टीडीएसचा आकडा जुळवून पाहा. तुम्ही दाखवलेल्या टीडीएसचं श्रेय पूर्ण मिळालं नसेल, म्हणजे कंपनीने तो जमा केला नसेल किंवा चुकीच्या पॅनवर टाकला असेल, तर करबाकी वाढते आणि तिच्या मागोमाग व्याजही वाढतं. टीडीएस जुळत असेल तर चलनांच्या तारखा बघा.

पुढे कधी अधिकाऱ्याने तपासणीत उत्पन्न वाढवलं, तर २३४सी वाढत नाही, कारण ते तुम्ही रिटर्नमध्ये दाखवलेल्या उत्पन्नावर मोजतात. २३४बी मात्र अधिकाऱ्याने ठरवलेल्या करावर मोजतात, तेही १ एप्रिलपासून. म्हणून वर्षादोनवर्षांनी आलेल्या आदेशात कराच्या रकमेइतकंच त्याखालच्या २३४बीच्या ओळीकडेही लक्ष द्यावं लागतं.